निवृत्तीच्या पुंजीतून दरवर्षी किती काढायचं? तीस वर्षांचा तक्ता मांडून बघू

माझे मामा निवृत्त झाल्यापासून एक वही ठेवतात. दर वर्षाच्या शेवटी त्या वहीत एकच आकडा लिहिला जातो: पुंजीची शिल्लक. त्यांनी ती वही मला दाखवली तेव्हा निवृत्तीला आठ वर्षं झाली होती आणि शिल्लक दरवर्षी थोडी थोडी वाढत गेलेली दिसत होती. "अरे, खर्च भागवूनही पैसे वाढतायत, मग काळजी कसली?" असं ते म्हणाले. मी त्यांच्याकडून त्या वर्षीचा घरखर्चासाठी काढलेला आकडा विचारला आणि शिल्लकीला त्याने भागलं. उत्तर १४ आलं. मामा तेव्हा ६६ वर्षांचे होते आणि मामी त्यांच्याहून सात वर्षांनी लहान. १४ या आकड्याचा अर्थ कळल्यावर मामा बराच वेळ वहीकडे बघत राहिले.

त्या भागाकाराचा अर्थ समजावा आणि तो आपला आपल्याला करता यावा, एवढ्यासाठी हा लेख आहे. सोबत कागद किंवा एखादी स्प्रेडशीट घेऊन बसलात तर उत्तम.

आधी चार आकडे ठरवा

हिशेबाला चार आकडे लागतात: आजची पुंजी, त्यावर मिळणारा वार्षिक परतावा, महागाईचा दर आणि पैसे किती वर्षं पुरायला हवेत तो काळ. उदाहरणासाठी पुंजी १०० लाख, परतावा ८ टक्के, महागाई ६ टक्के आणि काळ ३० वर्षं धरतो. चलन कुठलंही चालेल, आणि तुमची पुंजी वेगळी असेल तर सगळे आकडे त्याच पटीत कमी-जास्त करा.

परतावा धरताना कर आणि गुंतवणुकीचे शुल्क वजा करून जो हातात उरतो तोच धरा. जाहिरातीतला किंवा गेल्या दोन-तीन चांगल्या वर्षांतला दर धरू नका. महागाईही स्वतःच्या घरची धरा. ज्या घरात औषधपाण्याचा खर्च मोठा आहे तिथली महागाई सरकारी सरासरीपेक्षा बहुधा जास्त असते. काळ मोजताना जोडीदारापैकी जो वयाने लहान असेल त्याच्या वयावरून मोजा, आणि तोही सढळ हाताने.

आता यातली एक ठरलेली चूक. परतावा ८ टक्के, पुंजी १०० लाख, म्हणजे वर्षाला ८ लाख व्याज. तेवढंच काढलं तर मुद्दलाला धक्का लागणार नाही, असं बहुतेकांना वाटतं. मुद्दलाला धक्का लागत नाही हे खरं, पण फक्त उचल कायम ८ लाखांवर अडकून राहिली तरच. खर्च मात्र दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढतो. दुसऱ्या वर्षी ८ लाख ४८ हजार लागतात, तिसऱ्या वर्षी जवळजवळ ९ लाख. ही वाढ देत गेलात तर १४ वर्षं पूर्ण उचल मिळते आणि १५व्या वर्षी पुंजी संपते. म्हणजे ६०व्या वर्षी निवृत्त झालेल्या माणसाकडे ७४व्या वर्षी काही उरत नाही.

पहिल्या वर्षाची उचल काढा

उचल दरवर्षी महागाईइतकी वाढणार असेल, तर खरी कमाई परतावा आणि महागाई यांच्यातल्या फरकाची. पण ८ मधून सरळ ६ वजा करू नका. १.०८ ला १.०६ ने भागा, त्यातून १ वजा करा. उत्तर १.८९ टक्के येतं. पहिल्या वर्षाची उचल काढायला हाच दर वापरायचा. स्प्रेडशीटमध्ये `B1` मध्ये पुंजी, `B2` मध्ये परतावा, `B3` मध्ये महागाई आणि `B4` मध्ये वर्षं भरा. मग सातव्या ओळीपासून तक्ता असा सुरू करा:

```
A7: 1
B7: =B1
C7: =PMT((1+B2)/(1+B3)-1, B4, -B1, 0, 1)
D7: =$B$2
E7: =(B7-C7)*(1+D7)
F7: =B7/C7

A8: =A7+1
B8: =E7
C8: =C7*(1+$B$3)
```

आठव्या ओळीत `D`, `E` आणि `F` हे स्तंभ सातव्या ओळीतून खाली ओढा, आणि मग अख्खी आठवी ओळ ३०व्या वर्षापर्यंत ओढा. `B` मध्ये वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक, `C` मध्ये उचल, `D` मध्ये त्या वर्षाचा परतावा, `E` मध्ये वर्षअखेरची शिल्लक येते. `F` म्हणजे मामांच्या वहीत नसलेला स्तंभ. त्याला आपण पट म्हणू. सूत्राच्या शेवटचा 1 विसरू नका. वर्षाचे पैसे वर्षाच्या सुरुवातीलाच काढून ठेवायचे, असा त्याचा अर्थ आहे. ते काढलेले पैसे बचत खात्यात ठेवून महिन्याला लागतील तसे वापरायचे.

आपल्या उदाहरणात पहिली उचल ४.३१ लाख येते. म्हणजे पुंजीच्या ४.३१ टक्के. ८ लाखांच्या अपेक्षेने बसलेल्याला हा आकडा ऐकून धक्का बसतो, पण त्यात वाढीची तरतूद आधीच धरलेली आहे. आकडा बरोबर आला का हे तोंडी ताडता येतं: परतावा आणि महागाई अगदी सारखे असते तर १०० लाखांचे ३० सारखे भाग पडले असते, म्हणजे ३.३३ लाख. परतावा थोडा जास्त आहे, म्हणून उत्तर त्याच्या थोडं वर यायला हवं, आणि ते तसंच आलं आहे. तुमचं उत्तर ७ किंवा ८ च्या आसपास आलं, तर बहुधा सूत्रात महागाई धरायची राहून गेली आहे.

तक्ता वाचा, पण शेवटच्या स्तंभापासून

खाली तक्त्यातल्या निवडक ओळी दिल्या आहेत; मधल्या तुमच्या शीटमध्ये दिसतील. रकमा लाखांत आहेत. उचल ४.३१ वर गोल केली आहे, त्यामुळे तुमच्या शीटमध्ये शेवटच्या वर्षांत थोडा फरक पडेल.

| वर्ष | सुरुवातीची शिल्लक | उचल | वर्षअखेरची शिल्लक | पट |
|---|---|---|---|---|
| १ | १००.०० | ४.३१ | १०३.३५ | २३.२ |
| २ | १०३.३५ | ४.५७ | १०६.६८ | २२.६ |
| ३ | १०६.६८ | ४.८४ | १०९.९८ | २२.० |
| ४ | १०९.९८ | ५.१३ | ११३.२४ | २१.४ |
| ५ | ११३.२४ | ५.४४ | ११६.४२ | २०.८ |
| १० | १२७.८६ | ७.२८ | १३०.२३ | १७.६ |
| १५ | १३६.३२ | ९.७४ | १३६.७० | १४.० |
| १६ | १३६.७० | १०.३३ | १३६.४८ | १३.२ |
| २० | १३१.३१ | १३.०४ | १२७.७३ | १०.१ |
| २४ | १०९.६३ | १६.४६ | १००.६२ | ६.७ |
| २५ | १००.६२ | १७.४५ | ८९.८२ | ५.८ |
| २६ | ८९.८२ | १८.५० | ७७.०३ | ४.९ |
| २७ | ७७.०३ | १९.६१ | ६२.०२ | ३.९ |
| २८ | ६२.०२ | २०.७८ | ४४.५३ | ३.० |
| २९ | ४४.५३ | २२.०३ | २४.३० | २.० |
| ३० | २४.३० | २३.३५ | १.०२ | १.० |

पहिलं वर्ष हाताने करून बघा. १०० मधून ४.३१ गेले, ९५.६९ उरले, त्यावर ८ टक्के म्हणजे ७.६५ मिळाले, शिल्लक १०३.३५. दुसऱ्या वर्षी उचल ६ टक्क्यांनी वाढून ४.५७ झाली. पुढची २९ वर्षं हेच चालतं.

आता वर्षअखेरच्या शिल्लकीचा स्तंभ वरून खाली वाचा. पंधरा वर्षं ती वाढतच जाते. सोळाव्या वर्षी पहिल्यांदा उतरते, तीही जेमतेम. २५व्या वर्षाच्या सुरुवातीला खात्यात १००.६२ लाख आहेत, म्हणजे निवृत्तीच्या दिवशी होते त्याहून थोडे जास्तच. पासबुक बघणाऱ्याला वाटेल की चोवीस वर्षं खर्च करूनही मुद्दल शाबूत आहे. प्रत्यक्षात ते पैसे फक्त सहा वर्षांचे उरले आहेत. पहिल्या वर्षी ४.३१ लाखांत जे भागत होतं त्याला आता १७.४५ लाख लागतात, आणि आकडा तोच राहिला तरी पैशाची ताकद चौथा हिस्सा झाली आहे.

म्हणून पटाचा स्तंभ महत्त्वाचा. तो पहिल्या दिवसापासून उतरतो आणि एकाही वर्षी फसवत नाही. परतावा महागाईच्या थोडाच वर असेल तर पट म्हणजे ढोबळमानाने उरलेली वर्षं; सुरुवातीला खऱ्या वर्षांपेक्षा थोडा कमी दिसतो, शेवटी शेवटी जवळजवळ जुळतो. मामांचा पट १४ होता. तक्त्यात १४ हा पट १५व्या वर्षी येतो, जेव्हा त्या वर्षासकट १६ वर्षं बाकी असतात. मामा आठच वर्षांत तिथे पोहोचले होते, आणि मामी तेव्हा ५९ वर्षांच्या होत्या. शिल्लक वाढत होती हे अगदी खरं होतं, पण त्यांचा खर्च तिच्यापेक्षा वेगाने वाढत होता.

तक्ता मोडतो कुठे

महागाईचा अंदाज एका टक्क्याने चुकला आणि ती ७ टक्के निघाली, तर याच ४.३१ लाखांच्या सुरुवातीने पैसे ३० ऐवजी २६ वर्षांच्या आसपास पुरतात. हे नुकसान हळूहळू होतं, त्यामुळे वेळेवर लक्षात आलं तर सावरता येतं.

त्याहून मोठा धोका परताव्याच्या क्रमाचा आहे. दरवर्षी नेमाने ८ टक्के कोणालाच मिळत नाहीत. पुंजीचा काही भाग शेअरमध्ये असेल तर एखादं वर्ष उणे जातंच. प्रश्न फक्त ते वर्ष कधी येतं हा आहे. शीटमध्ये `D7` मध्ये -20% टाकून बघा, बाकी सगळी वर्षं ८ टक्केच ठेवा. पहिल्या वर्षअखेर १०३ ऐवजी ७६.५५ लाख उरतात, आणि पुढे एकही वाईट वर्ष न येताही २१व्या वर्षाची उचल पूर्ण निघत नाही. एका वर्षाने नऊ-दहा वर्षं खाल्ली. आता तेच -20% पहिल्या वर्षातून काढून २५व्या वर्षात टाका. पैसे २९व्या वर्षी कमी पडतात, म्हणजे दोन वर्षांहूनही कमी नुकसान.

घसरण तीच, पण सुरुवातीला घसरलेल्या भावात विकून खर्चाला पैसे काढले की ती युनिट्स कायमची गेली. पुढची तेजी त्यांच्या वाट्याला येत नाही. निवृत्तीनंतरची पहिली पाच-सात वर्षं म्हणूनच सगळ्यात नाजूक. पैसे भरण्याच्या वयात हीच घसरण फायद्याची असते, त्यामुळे नोकरीतला अनुभव इथे दिशाभूल करतो.

अमेरिकेतले आर्थिक सल्लागार विल्यम बेंगन यांनी १९९४ मध्ये हाच प्रश्न सरासरीने न सोडवता १९२६ पासूनच्या प्रत्यक्ष वर्षांच्या आकड्यांवरून सोडवला. प्रत्येक वर्षी कोणीतरी निवृत्त झालं असं धरून त्यांनी पाहिलं, तर पहिल्या वर्षी सुमारे ४ टक्के काढून पुढे महागाईप्रमाणे वाढवत गेलेल्याचे पैसे तिथल्या अगदी वाईट काळातही ३० वर्षं पुरले. 'चार टक्क्यांचा नियम' म्हणतात तो तिथून आला. तो आंधळेपणाने उचलू नका. त्यात बाजार आणि महागाई अमेरिकेची आहे, काळ ३० वर्षांचा आहे, आणि कर व शुल्क वेगळे धरलेले नाहीत. तरी एक गोष्ट त्यातून घ्यावी: सूत्रातून येणारा आकडा हा सगळं सरळ चाललं तरची कमाल मर्यादा आहे. सुरुवात त्याच्या खालून करायची.

खालून सुरुवात करा, आणि वाढ देण्याआधी पट तपासा

किती खालून? मी स्वतः सूत्राच्या उत्तराच्या साधारण ८० टक्के धरतो. आपल्या उदाहरणात ३.५ लाख. सगळं सुरळीत गेलं तर ही उचल ४० वर्षं पुरते, म्हणजे दहा वर्षांची गादी आपोआप तयार होते.

त्याच्या जोडीला एक नियम ठेवा. दरवर्षी ठरावीक दिवशी वाढवलेली उचल काढायच्या आधी शिल्लकीला त्या वाढवलेल्या रकमेने भागा. जो पट येईल तो मूळ तक्त्यातल्या त्याच वर्षाच्या पटाशी ताडा. तेवढा किंवा जास्त असेल तर वाढ घ्या. कमी असेल तर गेल्या वर्षीचीच रक्कम काढा आणि पुढच्या वर्षी पुन्हा बघा.

हे वाईट परिस्थितीत चालवून बघू. सुरुवात ३.५ लाखांनी केली आणि पहिल्याच वर्षी पुंजी २० टक्क्यांनी घसरली. ९६.५० चे ७७.२० लाख झाले.

दुसऱ्या वर्षी वाढवलेली उचल ३.७१ लाख. ७७.२० भागिले ३.७१ म्हणजे २०.८. तक्ता २२.६ मागतो. वाढ नाही, पुन्हा ३.५ लाखच. वर्षअखेर शिल्लक ७९.६० होते.

तिसऱ्या वर्षी पुन्हा तीच ३.७१ ची परीक्षा. पट २१.५ येतो, हवा २२.०. थोडक्यात हुकलं, म्हणून पुन्हा ३.५. वर्षअखेर ८२.१८.

चौथ्या वर्षी ८२.१८ भागिले ३.७१ म्हणजे २२.२, आणि तक्ता २१.४ मागतो. आता वाढ घ्या. इथून पुढे दरवर्षी ६ टक्के वाढ घेत गेलं तरी पैसे तीस वर्षं ओलांडतात. नियम पाळला नसता आणि वाढ घेतच राहिलो असतो तर तेच पैसे २७ वर्षं पुरले असते. दोन वेळा न घेतलेल्या वाढीने बाकीची वर्षं भरून काढली.

याची किंमतही सांगायला हवी. चौथ्या वर्षी ३.७१ लाखांत, महागाईचा विचार करता, पहिल्या वर्षीपेक्षा सुमारे ११ टक्के कमी येतं, आणि हुकलेली वाढ आपोआप परत मिळत नाही. पट तक्त्याच्या बराच वर गेला तर ती नंतर हप्त्याहप्त्याने भरून काढता येते. म्हणून निवृत्तीआधीच खर्चाचे दोन भाग करून ठेवा: जो थांबवताच येणार नाही तो, आणि दोन वर्षं पुढे ढकलता येईल तो. ढकलता येणारा भाग निदान १५ टक्के नसेल तर हा नियम कागदावरच राहील. अशा घराने सुरुवातच ३.५ च्याही खालून करावी.

ज्याने पूर्ण ४.३१ लाखांनी सुरुवात केली, त्याच्याकडून हाच नियम काय मागतो तेही पाहा. त्याच घसरणीनंतर त्याला सलग सहा वर्षं वाढ सोडावी लागते. पहिली वाढ आठव्या वर्षी मिळते आणि उचल ४.५७ लाख होते. तोवर पैशाची ताकद तीस टक्क्यांच्या आसपास घटलेली असते. त्याच आठव्या वर्षी ३.५ ने सुरुवात केलेल्याची उचल ४.६८ लाख असते. सुरुवातीला दरवर्षी कमी घेणारा इथे पुढे गेला.

मामांनी त्या वर्षी वाढ घेतली नाही, पुढच्या वर्षीही नाही, आणि गाडी बदलण्याचा बेत लांबणीवर टाकला. वहीत आता शिल्लकीच्या शेजारी पेन्सिलने दोन जास्तीच्या रेघा ओढल्या आहेत. एकीत वर्षाची उचल, दुसरीत पट. मामी साठ वर्षांच्या झाल्या त्या दिवशी त्यांनी तक्ता नव्याने मांडला, या वेळी स्वतःच्या वयावरून न मोजता मामींच्या वयावरून, पुढच्या ३५ वर्षांसाठी.